प्रश्नावलीतील विधानांचे गट आणि घटकांची संख्या: अन्वेषणात्मक घटक विश्लेषणाची एक सविस्तर वाट

प्रश्नावली तयार करणाऱ्याच्या मनात विधानांचे काही गट आधीच ठरलेले असतात. उत्तरे देणाऱ्यांच्या मनातही तेच गट असतील याची मात्र खात्री नसते. अन्वेषणात्मक घटक विश्लेषण हा तपास करते: कोणती विधाने एकमेकांबरोबर वरखाली होतात, आणि त्या सोबतीमागे किती समान कारणे, म्हणजेच घटक, मानावे लागतात. यातील बहुतेक पायऱ्या संगणक पार पाडतो. घटक किती ठेवायचे हा निर्णय तेवढा माणसाला घ्यावा लागतो, आणि चुकाही सर्वाधिक तिथेच होतात. म्हणून या लेखात त्या निर्णयावर अधिक वेळ थांबलो आहे आणि उरलेल्या पायऱ्या आवश्यक तेवढ्याच मांडल्या आहेत.

पुढील सर्व विवेचनासाठी एकच रचलेले उदाहरण घेऊ. परीक्षेच्या चिंतेवर बारा विधानांची एक प्रश्नावली आहे, प्रत्येक विधानाला १ ते ५ अशी सहमतीची श्रेणी आहे, आणि ४०० विद्यार्थ्यांनी ती पूर्ण भरली आहे. रचनाकाराला तीन पैलू अपेक्षित आहेत: काळजी, शारीरिक लक्षणे आणि लक्ष विचलित होणे. प्रत्येक पैलूसाठी चार विधाने असून त्यांपैकी तीन चिंतेच्या बाजूने आणि एक उलट बाजूने लिहिलेले आहे. ‘परीक्षेच्या आधी मी शांत असतो’, ‘परीक्षेच्या खोलीत माझे शरीर सैल असते’ आणि ‘पेपर लिहिताना माझे लक्ष टिकून राहते’ ही ती तीन उलट विधाने आहेत.

विश्लेषणाआधीची तयारी

उलट विधानांचे गुण आधी फिरवून घ्यावेत, म्हणजे ५ चा १ आणि ४ चा २ करावा, जेणेकरून मोठा आकडा सर्वत्र अधिक चिंता दाखवील. येथे एक गोष्ट बऱ्याचदा नजरेतून सुटते. गुण फिरवल्याने फक्त सहसंबंधांची चिन्हे बदलतात, आयगेनमूल्ये, म्हणजे एकेक घटक विधानांमधील किती फरक सामावतो हे सांगणारे आकडे, जशीच्या तशी राहतात. त्यामुळे उलट लेखनामुळे उत्तरांत काही विकृती आली असेल, तर ती गुण फिरवल्याने जात नाही. हा मुद्दा पुढे निर्णायक ठरणार आहे.

त्यानंतर प्रत्येक विधानाच्या उत्तरांचे वितरण पाहावे. ज्या विधानाला जवळजवळ सर्वांनी एकच उत्तर दिले आहे, त्याचा इतरांशी सहसंबंध दिसूच शकत नाही. पाच पर्यायांची श्रेणी असेल आणि उत्तरे फार एकांगी नसतील, तर नेहमीचा पिअरसन सहसंबंध चालतो. पर्याय दोन-तीनच असतील किंवा उत्तरे एका टोकाला साचली असतील, तर पर्यायांमागे सलग मोजमाप आहे असे मानून काढलेला पॉलिकोरिक सहसंबंध वापरावा. आपल्या उदाहरणात कोणतेही विधान फार एकांगी नाही, म्हणून पिअरसन सहसंबंधच घेतले आहेत.

विदा, म्हणजे गोळा झालेली उत्तरे, घटक विश्लेषणाला योग्य आहे का, हे पाहण्यासाठी विधानांमध्ये पुरेसे सामायिक आहे का ते ० ते १ मध्ये सांगणारा केएमओ निर्देशांक काढतात. तो ०.५ च्या खाली गेला तर पुढे जाऊ नये, आणि ०.८ च्या वर असेल तर निर्धास्तपणे जावे. विधानांत सहसंबंध मुळीच नाहीत ही शक्यता तपासणाऱ्या बार्टलेटच्या चाचणीचा उल्लेख अहवालात करावा, पण तिच्यावर विसंबू नये, कारण ४०० प्रतिसाद असताना अगदी किरकोळ सहसंबंध असले तरी ती चाचणी सार्थ येते. नमुना किती मोठा हवा, याचे ‘एका विधानामागे दहा माणसे’ यांसारखे ठोकताळे फारसे टिकत नाहीत. विधानांचा आपल्या घटकाशी संबंध घट्ट असेल आणि प्रत्येक घटकाला चार-पाच विधाने असतील, तर लहान नमुनाही पुरतो. संबंध सैल असेल आणि घटकामागे दोन-तीनच विधाने असतील, तर ४०० देखील अपुरे पडू शकतात.

घटक आणि प्रमुख अवयव यांतील फरक

अनेक सॉफ्टवेअरमध्ये, एसपीएसएसमध्येही, घटक विश्लेषणाचा पर्याय निवडला की मूळ मांडणीत प्रमुख अवयव विश्लेषण चालते. ते विधानांमधील सगळा व्हेरिअन्स, म्हणजे उत्तरांतील सगळा चढउतार, वाटून घेते, आणि त्यात प्रत्येक विधानाचा स्वतःचा वेगळेपणा व मोजमापातील चूकही येते. घटक विश्लेषण मात्र विधानांमध्ये जेवढे सामायिक आहे तेवढ्यालाच हात घालते. विधानांमागील समान कारण शोधायचे असेल, तर मिनरेस, प्रमुख अक्ष किंवा महत्तम संभाव्यता यांपैकी एखादी घटक काढण्याची पद्धत जाणीवपूर्वक निवडावी. प्रमुख अवयव वापरल्यास भार, म्हणजे विधानाचा घटकाशी असलेला संबंध दाखवणारे आकडे, सहसा फुगलेले दिसतात आणि कमकुवत विधानेही गटात शोभून दिसतात.

संख्या सुचवणारे चार साक्षीदार

आपल्या बारा विधानांच्या सहसंबंध सारणीची आयगेनमूल्ये अशी आहेत: ४.१०, १.७२, १.२१, १.०४, ०.७२, ०.६४, ०.५६, ०.५०, ०.४६, ०.४०, ०.३५ आणि ०.३०. त्यांची बेरीज बारा येते, कारण बारा विधानांपैकी प्रत्येकाचा प्रमाणित व्हेरिअन्स एक असतो.

सर्वांत प्रचलित नियम कैसरचा आहे, जो त्याने १९६० मध्ये मांडला: १ पेक्षा मोठे जेवढे आयगेनमूल्य, तेवढे घटक. त्यानुसार येथे चार घटक येतात. या नियमातील दोष समजण्यासाठी एक विचार पुरेसा आहे. बारा विधानांचा एकमेकांशी काहीही संबंध नसता, तरीही आयगेनमूल्यांची सरासरी १ च राहिली असती. ४०० माणसांच्या नमुन्यात योगायोगाने थोडेफार सहसंबंध येतातच, त्यामुळे काही मूल्ये १ च्या वर आणि काही खाली जाणार हे उघड आहे. म्हणजे निव्वळ गोंगाटातूनही हा नियम चार-पाच घटक काढून दाखवू शकतो. हा नियम आजही इतका वापरला जातो, याचे कारण तो सॉफ्टवेअरमध्ये आधीच निवडलेला असतो, एवढेच मला दिसते.

दुसरा साक्षीदार म्हणजे कॅटेलने १९६६ मध्ये सुचवलेला स्क्री आलेख. आयगेनमूल्ये उतरत्या क्रमाने आलेखावर मांडायची आणि उतार जिथे एकदम सपाट होतो त्याच्या आधीचे घटक ठेवायचे. आपल्या आलेखात दुसऱ्या मूल्यापासून तिसऱ्यापर्यंत ०.५१ ची घसरण आहे, तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंत ०.१७ ची, आणि चौथ्यापासून पाचव्यापर्यंत पुन्हा ०.३२ ची. एखाद्याला कोपर, म्हणजे उतार सपाट होण्याची जागा, दोन घटकांनंतर दिसेल, तर दुसऱ्याला चार घटकांनंतर, आणि दोघांनाही चूक म्हणता येणार नाही. खऱ्या विदेत अशी द्विधा नेहमीची असते.

तिसरा साक्षीदार सर्वाधिक विश्वासार्ह आहे. हॉर्नने १९६५ मध्ये मांडलेल्या समांतर विश्लेषणात तेवढीच विधाने आणि तेवढीच माणसे घेऊन, परंतु कोणताही खरा संबंध नसलेली, शेकडो यादृच्छिक विदासंच तयार करतात आणि प्रत्येकाची आयगेनमूल्ये काढतात. आपले पहिले मूल्य यादृच्छिक पहिल्या मूल्यांशी, दुसरे दुसऱ्यांशी, असे क्रमाने ताडून पाहायचे. यादृच्छिक मूल्यांच्या सरासरीऐवजी ९५ वा शतमक घेतला, तर चाळणी थोडी कडक होते. आपल्या उदाहरणात हे शतमक अनुक्रमे १.३६, १.२६, १.१९ आणि १.१४ आहेत. पहिली दोन मूल्ये त्यांच्या कितीतरी वर आहेत, तिसरे १.२१ निसटते वर आहे, आणि चौथे १.०४ स्पष्टपणे खाली आहे. निष्कर्ष तीन घटकांचा निघतो, परंतु तिसरा काठावरचा आहे हे नोंदवून ठेवावे.

चौथा साक्षीदार वेलिसरची १९७६ ची मॅप पद्धत. एकेक अवयव वगळत गेल्यावर विधानांमध्ये उरलेल्या आंशिक सहसंबंधांच्या वर्गांची सरासरी कुठे सर्वांत कमी होते, हे ती पाहते. घटकामागे विधाने थोडी असतील तर ती कमी घटकांकडे झुकते. येथे ती दोन घटक सुचवते.

आर भाषेतील `psych` या संचात हे सर्व असे करता येते. पुढे येणारे तिरपे रोटेशन चालण्यासाठी `GPArotation` हा संचही बसवलेला असावा लागतो.

```r
library(psych)
d[, 10:12] <- 6 - d[, 10:12]
R <- cor(d)
KMO(R)
eigen(R)$values
fa.parallel(d, fa = "pc", n.iter = 500, quant = .95)
vss(R, n = 5, n.obs = 400)
```

`fa.parallel` मध्ये `fa = "pc"` मुद्दाम लिहिले आहे. `fa = "fa"` लिहिल्यास सामायिक व्हेरिअन्सवर आधारलेली आयगेनमूल्ये ताडली जातात, आणि त्या रीतीने घटक बहुधा जास्त सुचवले जातात. पॉलिकोरिक सहसंबंध वापरायचे ठरवले असेल, तर यादृच्छिक विदेवरही तेच वापरले जातील याची काळजी घ्यावी. एका बाजूला पॉलिकोरिक आणि दुसऱ्या बाजूला पिअरसन अशी तुलना निरर्थक ठरते.

दोन, तीन आणि चार घटकांची उत्तरे शेजारी ठेवणे

साक्षीदारांनी चार, दोन किंवा चार, तीन आणि दोन अशी साक्ष दिली. बहुमत मोजून येथे निकाल लागत नाही. सुचवलेल्या प्रत्येक संख्येसाठी पूर्ण विश्लेषण करून भारांच्या सारण्या शेजारी ठेवाव्यात, आणि प्रत्येक घटकाला विचारावे की तुझ्यातील विधानांना एकत्र आणणारे नेमके काय आहे.

त्याआधी रोटेशन, म्हणजे घटकांचे अक्ष फिरवून भारांची सारणी वाचण्याजोगी करण्याची रीत, ठरवावे लागते. काळजी, धडधड आणि विचलित लक्ष या गोष्टी एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असतील असे मानायला काही आधार नाही. म्हणून घटकांमध्ये सहसंबंध राहू देणारे तिरपे रोटेशन, उदाहरणार्थ ऑब्लिमिन, घ्यावे. घटक खरोखरच स्वतंत्र असतील तर तिरप्या रोटेशनमध्येही त्यांचे सहसंबंध शून्याजवळ येतील आणि काहीही गमावले जाणार नाही. व्हॅरिमॅक्ससारखे काटकोनी रोटेशन मात्र स्वातंत्र्य लादते, आणि त्यामुळे एकाच विधानाचे भार दोन-तीन घटकांवर सांडतात.

```r
f2 <- fa(d, nfactors = 2, fm = "minres", rotate = "oblimin")
f3 <- fa(d, nfactors = 3, fm = "minres", rotate = "oblimin")
print(f3$loadings, cutoff = 0)
f3$Phi
```

तीन घटकांच्या उत्तरातील भार असे आले:

| विधान | घटक १ | घटक २ | घटक ३ |
|---|---|---|---|
| १. नापास होण्याचा विचार सारखा येतो | ०.७१ | ०.०३ | −०.०२ |
| २. इतर पुढे जातील अशी काळजी वाटते | ०.६२ | −०.०५ | ०.०४ |
| ३. निकालाच्या विचाराने झोप लागत नाही | ०.४४ | ०.३३ | −०.०३ |
| ४. छातीत धडधडते | ०.१४ | ०.५० | ०.०६ |
| ५. तळहातांना घाम येतो | −०.०४ | ०.७४ | ०.०१ |
| ६. हात थरथरतात | −०.०२ | ०.७६ | −०.०३ |
| ७. वाचलेले ऐन वेळी आठवत नाही | ०.५७ | ०.१० | ०.०८ |
| ८. प्रश्न वाचताना मन भरकटते | ०.५५ | ०.०२ | ०.१५ |
| ९. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा वाचावा लागतो | ०.५२ | ०.०८ | ०.०५ |
| १०. शांत असतो (उलट) | ०.२० | ०.०६ | ०.५५ |
| ११. शरीर सैल असते (उलट) | −०.०५ | ०.२५ | ०.५२ |
| १२. लक्ष टिकून राहते (उलट) | ०.१३ | −०.०४ | ०.६१ |

रचनाकाराला तीन पैलू अपेक्षित होते आणि समांतर विश्लेषणानेही तीनच सांगितले, त्यामुळे येथेच थांबून ‘अपेक्षित रचना सिद्ध झाली’ असे लिहिण्याचा मोह होतो. सारणी वाचली की हा समज टिकत नाही. पहिल्या घटकात काळजी आणि विचलित लक्ष ही दोन्ही एकत्र आली आहेत, दुसऱ्यात शारीरिक लक्षणे आहेत, आणि तिसऱ्यात नेमकी तीन उलट विधाने आहेत. त्या तिघांपैकी एक काळजीचे, एक शरीराचे आणि एक लक्षाचे. आशयाच्या दृष्टीने त्यांच्यात खास असे काहीही समान नाही. समान आहे ती फक्त लेखनाची दिशा. अशा घटकाला पद्धतीचा घटक म्हणतात. ‘शांतपणा’ असे भारदस्त नाव देऊन तो स्वतंत्र गुणविशेष म्हणून खपवता येईल, आणि म्हणूनच नाव देण्याआधी पुढची तपासणी करावी.

ज्यांनी ‘नापास होण्याचा विचार सारखा येतो’ आणि ‘मी शांत असतो’ या दोन्हींना पूर्ण सहमती दर्शवली आहे, असे प्रतिसाद मूळ, न फिरवलेल्या विदेत वेगळे काढावेत. त्यातील अनेकांनी सगळी विधाने एकाच पर्यायावर खूण करत भरलेली आढळतील. असे प्रतिसाद फार नसले तरी परिणाम मोठा होतो. श्मिट आणि स्टल्ट्स यांनी १९८५ मध्ये कृत्रिम विदेवर दाखवले, की साधारण दहा टक्के लोकांनी विधानांची दिशा न पाहता उत्तरे दिली तरी उलट विधानांचा वेगळा घटक उभा राहू शकतो. असे प्रतिसाद वगळून विश्लेषण पुन्हा केल्यावर तिसरे आयगेनमूल्य यादृच्छिक मर्यादेखाली गेले, तर संशय पक्का होतो. गेले नाही, तरी आशयाचा प्रश्न तसाच उभा राहतो.

चार घटकांचे उत्तर पाहिले तर पाचवे आणि सहावे विधान, म्हणजे घाम आणि थरथर, वेगळे होऊन चौथा घटक बनवतात, आणि धडधड व झोप दुसऱ्या घटकात एकाकी उरतात. दोन विधानांचा घटक बहुधा घटक नसतो. दोन्ही विधाने हातांविषयी आहेत आणि एकापाठोपाठ छापलेली आहेत, म्हणून त्यांची उत्तरे जवळची आली. एखाद्या घटकावर ठळक भार असलेली विधाने तीनपेक्षा कमी असतील, किंवा एखाद्या विधानाचा सामायिक व्हेरिअन्स १ पर्यंत अथवा त्याही पुढे गेला, ज्याला हेवूड प्रसंग म्हणतात, तर घटक गरजेपेक्षा जास्त काढले गेले असण्याची शक्यता मोठी असते. घटक कमी पडल्याचे चिन्ह निराळे असते: उरलेल्या सहसंबंधांत, म्हणजे `f2$residual` मध्ये कर्णाबाहेर, ०.१० च्या वरची मूल्ये विशिष्ट विधानांच्या गटातच साचलेली दिसतात. बारा विधानांच्या दोन घटकांच्या उत्तरात अशी मूल्ये नेमकी दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या विधानांत आपापसात दिसतात, आणि इतरत्र कुठेही नाहीत.

विधाने काढून पुन्हा पहिल्यापासून

म्हणून तीन उलट विधाने बाजूला ठेवून उरलेल्या नऊ विधानांवर सर्व पायऱ्या पुन्हा कराव्यात. विधान काढले की सहसंबंध सारणी बदलते आणि यादृच्छिक मर्यादाही बदलतात, त्यामुळे आधीची घटकसंख्या गृहीत धरून चालत नाही. नऊ विधानांची आयगेनमूल्ये ३.६२, १.५५, ०.९३, ०.६८, ०.५८, ०.५०, ०.४४, ०.३८ आणि ०.३२ अशी येतात, तर ९५ व्या शतमकाच्या मर्यादा १.३०, १.२० आणि १.१३ आहेत. या वेळी कैसरचा नियम, समांतर विश्लेषण आणि मॅप हे तिन्ही दोनावर येतात, आणि स्क्री आलेखातही कोपर तिथेच दिसतो. परीक्षेच्या चिंतेचे काळजी आणि शारीरिक-भावनिक उत्तेजना असे दोन भाग लीबर्ट आणि मॉरिस यांनी १९६७ मध्येच वेगळे केले होते, त्यामुळे दोन घटकांना संशोधनाचाही आधार मिळतो. दोन्ही घटकांमधील सहसंबंध ०.४९ आहे. तो ०.८ च्या पुढे गेला असता, तर दोन घटक वेगळे ठेवण्यात अर्थ आहे का, असा उलटा प्रश्न विचारावा लागला असता.

तिसरे विधान, झोपेचे, अजूनही दोन्हीकडे झुकते: काळजीवर ०.४६ आणि शारीरिक घटकावर ०.३१. ‘०.३ च्या वर दोन भार दिसले की विधान काढा’ असा नियम यांत्रिकपणे लावण्यापेक्षा विधान पुन्हा वाचावे. ‘निकालाच्या विचाराने झोप लागत नाही’ या वाक्यात विचार आणि शरीर दोन्ही आहेत, तेव्हा दोष उत्तरे देणाऱ्यांचा नसून वाक्याचा आहे. मी ते गुणांकनातून वगळीन आणि पुढच्या आवृत्तीत दोन वेगळ्या वाक्यांत लिहीन. ते वगळल्यावर उरलेल्या आठ विधानांवर विश्लेषण पुन्हा करावे लागते, हे सांगायला नको.

या निवडीला एक किंमत आहे. सर्व विधाने एकाच दिशेने लिहिलेली राहिली की जे लोक काहीही विचारले तरी ‘सहमत’ म्हणतात, त्यांची सवय प्रत्येक सहसंबंधात थोडी मिसळते आणि ती वेगळी ओळखता येत नाही. काही संशोधक म्हणून बाराही विधाने ठेवतात, तीन घटकांचे उत्तर स्वीकारतात आणि तिसऱ्याला गुण न देता अहवालात पद्धतीचा घटक असे स्पष्ट नोंदवतात. तो मार्गही समर्थनीय आहे, मात्र कोणता मार्ग घेतला आणि का, हे लिहिले पाहिजे.

अहवाल आणि पुढची फेरी

अहवालात सहसंबंधाचा प्रकार, घटक काढण्याची पद्धत, रोटेशन, समांतर विश्लेषणातील यादृच्छिक संचांची संख्या व वापरलेला शतमक, घटकांमधील सहसंबंध आणि पूर्ण भारसारणी द्यावी. ०.३ खालचे भार रिकामे सोडण्याची प्रथा आहे, पण त्यामुळे झोपेच्या विधानासारखी काठावरची प्रकरणे वाचकाला तपासता येत नाहीत. वगळलेली विधाने आणि वगळण्याची कारणेही लिहावीत. याच ४०० प्रतिसादांवर पुष्टिकारक घटक विश्लेषण चालवून ‘रचनेची पुष्टी झाली’ असे म्हणू नये, कारण ज्या विदेतून रचना निघाली तीच विदा तिची परीक्षा घेऊ शकत नाही. त्यासाठी नवा नमुना लागतो.

नवा नमुना घेण्याआधी शारीरिक घटकाकडे मात्र पाहावेच लागेल. त्यात आता तीनच विधाने उरली आहेत, आणि नऊ विधानांच्या उत्तरात घाम व थरथर यांचे भार ०.८० च्या आसपास असताना धडधडीचा भार ०.४७ आहे. म्हणजे हा घटक शारीरिक उत्तेजनेपेक्षा हातांकडेच अधिक ओढला गेला आहे. श्वास जलद होणे, पोटात गोळा येणे, घसा कोरडा पडणे अशी तीन-चार विधाने त्यात घालावीत, घाम आणि थरथर यांपैकी एकच ठेवावे, विधानांचा क्रम मिसळून छापावा, आणि विश्लेषण पुन्हा पहिल्या पायरीपासून करावे.